बँकेला लिहिलेलं पत्र

परदेशातून बचत खात्यात आलेले पैसे कशाचे, असं बँकेनं लेखी विचारलं होतं. आज पत्र दिलं.

मुख्य अडचण नावाची होती. व्हिडिओ यूट्यूबवर, पण पैसे पाठवणारी कंपनी गूगल. नुसतं "यूट्यूबची कमाई" लिहिलं असतं, तर बँकेच्या नोंदीशी ते जुळलंच नसतं. म्हणून लिहिलं: "माझ्या व्हिडिओंवर दाखवलेल्या जाहिरातींच्या उत्पन्नातला हा माझा वाटा आहे. ही भेट, देणगी किंवा कर्ज नाही." परदेशातून पैसे कशासाठी आले हे सांगणारा परपज कोड रिझर्व्ह बँकेच्या यादीत जाहिरात सेवेसाठी P1007 आहे, तोही नोंदवला.

दुसरा गोंधळ महिन्यांचा. मे महिन्याची कमाई जूनच्या सुरुवातीला नक्की होते आणि साधारण २१ तारखेनंतर पाठवली जाते. त्यामुळे गूगल ज्या सेवेतून हे पैसे देते त्या अॅडसेन्सची पेमेंट पावती जोडली आणि तिच्यातली डॉलरची रक्कम, बँकेचा विनिमय दर, कापलेलं शुल्क आणि जमा रुपये एकाच ओळीत मांडले. अधिकाऱ्यांनी सगळ्यात आधी तीच ओळ तपासली. हा हिशेब प्रत्येकानं दर महिन्याला लिहून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

पोच घेतली आहे. पुढच्या महिन्यापासून परपज कोड आधीच कळवणार.