सब्जेक्ट बदलून बदलून थकले, घोळ त्याच्या शेजारच्या ओळीत होता

बागकामावरचं न्यूजलेटर मी पंधरवड्याला पाठवते. यादीत साधारण १८०० लोक आहेत आणि ओपन रेट घसरत घसरत २० टक्क्यांच्या आसपास आला होता. कुणाला विचारावं तर एकच उत्तर मिळायचं, 'सब्जेक्ट आकर्षक करा.'

सब्जेक्टचं काम खरं तर लवकर उरकलं. आधी आमचा सब्जेक्ट असायचा न्यूजलेटरचं नाव, मग उभी रेघ, मग अंक क्रमांक, मग महिना. पाठवणाऱ्याच्या जागी तेच नाव दिसत असतं, म्हणजे मोबाइलवर सब्जेक्टची जी तीस-चाळीस अक्षरं दिसतात त्यातली निम्मी आम्ही नाव पुन्हा सांगण्यात घालवत होतो. ते काढलं आणि अंकातली एकच गोष्ट पुढे आणली. 'जूनचा अंक : खते, छाटणी आणि बरेच काही'च्या जागी 'जास्वंदीच्या कळ्या का गळतात?' असं लिहिलं. 'बरेच काही' वाचून आजवर कुणी मेल उघडला असेल असं मला वाटत नाही.

एवढं करूनही इनबॉक्समध्ये प्रत्येक अंकाच्या सब्जेक्टला लागून फिकट अक्षरांत एकच वाक्य दिसत होतं: 'हा मेल नीट दिसत नाही? ब्राउझरमध्ये पाहा.' वर कळ्या गळतायत आणि खाली आम्हीच सांगतोय की मेल नीट दिसत नाही! अंक कुठलाही असो, शेपूट तेच.

सब्जेक्टला लागून दिसणाऱ्या या फिकट ओळीला प्रिव्ह्यू टेक्स्ट म्हणतात आणि आम्ही वापरत असलेल्या मेल सेवेत त्यासाठी वेगळा चौकोन आहे. तो मी नेमाने भरत होते. तरीही इनबॉक्समध्ये ब्राउझरचंच वाक्य यायचं. मदतकक्षाला लिहिलं, तर उत्तर आलं, 'कृपया प्रिव्ह्यूचा चौकोन भरावा.' भरलेल्या चौकोनाचा फोटो पाठवला, तर 'ब्राउझरची कॅशे साफ करून पाहा.' इनबॉक्समध्ये काय दिसतं याचा माझ्या ब्राउझरच्या कॅशेशी काय संबंध? शिवाय दर वेळी उत्तर देणारा माणूस नवा आणि त्याला सगळी कथा पहिल्यापासून सांगायची. मला अजून राग येतो तो याचाच, कारण आमच्या टेम्प्लेटचा कोड त्यांच्याचकडे होता आणि उत्तर त्यात पहिल्या चार ओळींत होतं.

शेवटी कोड मीच उघडला. प्रिव्ह्यू म्हणजे मेलसोबत वेगळी जाणारी चिठ्ठी असेल, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. इनबॉक्स मेलच्या मजकुरात वरून वाचायला लागतो आणि जे पहिलं लिखाण सापडेल ते सब्जेक्टपुढे लावतो. चौकोनात भरलेलं वाक्य मेल सेवा मजकुराच्या अगदी वर, डोळ्यांना न दिसणाऱ्या कप्प्यात ठेवते, म्हणून ते आधी सापडतं. पण त्यासाठी टेम्प्लेटमध्ये त्या वाक्याची जागा दाखवणारी खूण लागते. सेवेच्या तयार टेम्प्लेटमध्ये ती असते. आमचं टेम्प्लेट एका जुन्या सहकाऱ्याने बाहेर बनवून चढवलेलं होतं, त्यात ती खूण नव्हती. वाक्य साठवलं जात होतं, पण मेलमध्ये उतरत नव्हतं आणि पहिलं लिखाण म्हणून ब्राउझरची लिंक सापडत होती.

तुमच्याकडेही हेच होतंय का ते तपासायचं असेल तर पोचलेला मेल जीमेलमध्ये उघडा आणि तीन टिंबांच्या मेनूतून `Show original` निवडा. देवनागरी मजकूर तिथे बहुधा `=E0=A4` अशा सांकेतिक रूपात दिसतो, त्यामुळे आपलं वाक्य शोधत बसू नका. `<body` नंतर लगेच `display:none` असलेला कप्पा आहे का एवढंच बघा. (सगळंच अगम्य अक्षरांचा ठोकळा दिसला, तर थेट टेम्प्लेटचा कोड उघडणं सोपं.)

खूण घातली. प्रिव्ह्यू आला, 'पाणी वाढवण्याआधी मातीत बोट घालून पाहा', आणि त्याला चिकटून 'लोगो हा मेल नीट दिसत नाही?' हेही आलं. 'लोगो' हा चित्राचा पर्यायी मजकूर, अर्थात `alt`. वाक्य छोटं असेल तर उरलेल्या जागेत इनबॉक्स पुढचं लिखाण ओढून घेतो, आणि डेस्कटॉपवर ही जागा बरीच लांब असते. मोबाइलवर सगळं ठीक दिसत होतं, म्हणून हे थोडं उशिरा लक्षात आलं. यावर इलाज म्हणजे आपल्या वाक्यामागे न दिसणाऱ्या अक्षरांची रांग लावायची:

```html
<div style="display:none;max-height:0;overflow:hidden">
  पाणी वाढवण्याआधी मातीत बोट घालून पाहा
  &#847;&zwnj;&nbsp;&#847;&zwnj;&nbsp;
</div>
```

इथे जोड्या दोनच दाखवल्यात, प्रत्यक्षात पन्नासेक तरी लागतात. शेपूट दिसायचं थांबेपर्यंत वाढवत जायचं. पांढऱ्यावर पांढरी अक्षरं लिहून वाक्य लपवायचा सल्लाही मला मिळाला होता. तो ऐकू नका, डार्क मोडमध्ये ते उघडं पडू शकतं.

चाचणीचे मेल स्वतःला पाठवताना सब्जेक्टमध्ये दर वेळी वेगळा आकडा टाका, नाहीतर जीमेल ते एकाच संभाषणात गुंफतो आणि कुठला प्रिव्ह्यू कुठल्या मेलचा ते कळत नाही. हे आधी सांगायला हवं होतं.

आता आकडे. ओपन रेट वर गेला आणि मला आनंदही झाला, पण त्या आकड्याला मी जपून हात लावते. मेल उघडला हे कळतं ते त्यातलं एक टिकलीएवढं अदृश्य चित्र सर्व्हरवरून मागवलं गेलं म्हणून. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये मेल ॲपमध्ये गोपनीयतेची जी सोय आणली, ती चालू असली की वाचकाने मेल न उघडताही ही चित्रं आधीच मागवली जातात. उलट दिशेलाही फसगत आहे. मेलचा कोड साधारण १०२ केबीच्या वर गेला की जीमेल शेवटचा भाग कापतो, आणि ते चित्र तळाशी असेल तर वाचलेला मेलही न वाचलेला मोजला जातो. म्हणून मी ॲपलवाले वगळून बाकीच्यांचा ओपन रेट बघते आणि शेजारी लिंकवरच्या क्लिक ठेवते.

दोन सब्जेक्टची शर्यत लावायची सोयही त्याच सेवेत आहे आणि ती काही तासांत थाटात विजेता जाहीर करते. आमची यादी दोन भागांत वाटली तर प्रत्येकी ९०० लोक. एका सब्जेक्टला १८० जणांनी उघडलं, दुसऱ्याला २००, तर फरक जेमतेम दोन टक्क्यांचा. पण २० टक्क्यांच्या आसपासच्या ओपन रेटला, एवढ्या लोकांत, साडेतीन-चार टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. विजेत्याचा तो हिरवा बिल्ला मी आता बघतच नाही. प्रश्नाचा सब्जेक्ट काही अंक सलग, मग सरळ विधानाचा काही अंक सलग, असं चालवून क्लिकची तुलना करते. याला महिने लागतात आणि ऋतूप्रमाणे विषयही बदलतात, त्यामुळे निकाल मोघमच राहतो. लहान यादीला याहून बरं काही मला जमलेलं नाही.

प्रिव्ह्यूत काय लिहायचं, तर सब्जेक्टने जे विचारलं त्याच्या पुढचं पाऊल. कळ्या का गळतात, हे वर विचारलं की खाली बोट घालून पाहा. सब्जेक्टच वेगळ्या शब्दांत पुन्हा लिहिला तर ती जागा वाया गेली. पहिल्या पाच-सहा शब्दांत काम भागलं पाहिजे, कारण मोबाइलवर बाकीचं बहुतेक कापलं जातं.

मदतकक्षाला मी कोडच्या त्या चार ओळी पाठवून दिल्या. तिकिटावर 'सोडवले' असा शिक्का मारून त्यांनी ते बंद केलं आणि सेवा कशी वाटली म्हणून तारे मागितले.