पोहे छान होते

चुलतबहिणीसाठी स्थळ बघून आत्या परत आली. आईने पाण्याचं भांडं हातात देत विचारलं, "कसा आहे हो मुलगा?" आत्या म्हणाली, "पोहे छान होते." आईने सुस्कारा सोडला आणि पत्रिका दुसऱ्याच दिवशी परत गेली.

मुलाबद्दल वाईट एक शब्द नाही, तरी आईला कळलं कसं? पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६७ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत याची उकल केली होती. बोलताना माणसं एकमेकांना सहकार्य करतात असं आपण धरून चालतो. म्हणजे समोरचा खरं बोलेल, लागेल तेवढं सांगेल, मुद्द्याला धरून आणि सरळ सांगेल. हे शिष्टाचाराचे नियम नव्हेत, ऐकणाऱ्याच्या मनातली अपेक्षा आहे. म्हणूनच कोणी ती उघड मोडली की आपले कान टवकारतात.

आईच्या मनात काय झालं असेल? प्रश्न मुलाचा, उत्तर पोह्यांचं. वन्संना प्रश्न ऐकू आला आहे आणि त्या काही वेंधळ्या नाहीत. दोन तास समोर बसल्या, म्हणजे मुलगा दिसलाही असेल. तरी सांगत नाहीत, तर सांगण्यासारखं चांगलं काही नसणार. "उंच आहे," एवढंच म्हणाल्या असत्या तरी आई तिथेच पोचली असती. मुद्दा सुटला नसता, पण माप कमी पडलं असतं.

आडवळणाने बोलण्याची गंमत वेगळी. "यांनी आज स्वयंपाक केला," असं न म्हणता शेजारच्या काकू म्हणतात, "यांनी आज गॅस पेटवून कढईत काही जिन्नस एकत्र तापवले." चार शब्दांचं काम इतक्या शब्दांत केलं, की भाजीची चव न खाता कळते.

मात्र मोडणं समोरच्याला दिसलं पाहिजे. नावडलेल्या मुलाला आत्या "चांगला आहे" म्हणाली असती, तर ती निव्वळ फसवणूक. शिवाय सूचक बोलणाऱ्याला पळवाट असते. उद्या मुलाच्या आईने जाब विचारलाच, तर "अहो, मी कुठे नावं ठेवली?" असं आत्या म्हणू शकते, आणि ते खोटंही नाही.

धोका एवढाच, की ऐकणाऱ्याने अर्धी वाट चालून यावं लागतं. बोलणारा मुळातच खवय्या असेल, तर त्याचे पोहे म्हणजे नुसते पोहेच असू शकतात. आणि ऐकणारे आमचे बाबा असतील, तर... त्या दिवशी त्यांनी पेपरातून मान वर करून विचारलं होतं, "कांद्याचे की बटाट्याचे?"