असमान गाळ्यांची सलग बीम, नोंद ३: लांब गाळा कधी कोसळतो आणि आखूड गाळ्याचं त्यात काय काम

लातूरच्या गटाची चाचणीची चौकट तयार झाली आणि तीनही बीम मोडून झाल्या. ही नोंद एकाच प्रश्नावर आहे: ९०० मिमी आणि ६०० मिमी गाळ्यांची सलग बीम मेकॅनिझम पद्धतीने, म्हणजे बीम कुठे कुठे वळून कोसळेल ते आधी धरून, काढलेल्या भारालाच कोसळते का? उत्तर होकारार्थी आलं, पण एक बीम ठरल्यापेक्षा तिसरा हिस्सा कमी भारात गेली. तिथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहिलं आहे.

बीम म्हणजे खिडकीच्या ग्रिलला लावतात तो १० मिमीचा साधा चौरस बार. पिळलेला बार घेऊ नका. थंड स्थितीत पीळ दिलेल्या पोलादात यील्डचा सपाट टप्पा, म्हणजे ताण न वाढता पोलाद ताणत जातं तो टप्पा, उरत नाही आणि प्लास्टिक हिंज, म्हणजे बार यील्ड होऊन बिजागरीसारखा वळू लागतो ती जागा, नेमका कधी तयार झाला ते कळत नाही. ६ मीटरच्या एकाच बारातून १५८० मिमीचे तीन तुकडे बीमसाठी आणि ५८० मिमीचे दोन तुकडे नमुन्यासाठी निघतात. हॅक्सॉनेच कापा, गॅस कटरची उष्णता नको. टेकू अ, ब, क हे १६ मिमीचे गोल बार, अँगलवर आडवे वेल्ड केलेले. अ ते ब ९०० मिमी, ब ते क ६०० मिमी. बार टोकांना कुठेही घट्ट बोल्ट केलेला नाही. तो टेकूवर सरकला पाहिजे, नाहीतर वाकताना त्यात ताण येतो, बार दोरीसारखा भार पेलायला लागतो आणि आकडा फुगतो. भारासाठी आडत दुकानातली ५ आणि १० किलोची शिक्क्याची लोखंडी वजनं आणि जुन्या तराजूचं साखळीचं पारडं. शेवटचे किलो पाण्याच्या बाटल्यांनी वाढवायचे. वाळूची पोती आधी ठरवली होती, पण ओल्या वाळूचं वजन इथल्या उन्हात वाळता वाळता उतरतं, म्हणून ती सोडली.

आधी Mp, म्हणजे बाराचा छेद पूर्ण यील्ड झाल्यावर पेलतो तेवढा मोमेंट. कागदावर यील्ड २५० न्यूटन प्रति चौरस मिमी धरली तर १० मिमी चौरसाचा प्लास्टिक मॉड्युलस १०³/४ म्हणजे २५० घन मिमी, आणि Mp ६२.५ न्यूटन-मीटर येतो. पण बाजारातल्या बाराची यील्ड लेबलापेक्षा सहसा जास्त असते. म्हणून ५०० मिमी गाळ्यावर नमुन्याचा तुकडा साधा टेकवून मधोमध भार दिला. दोन्ही तुकडे ६१ किलोच्या आसपास थांबेनासे झाले, म्हणजे ६०० न्यूटन. साध्या बीमला एकच हिंज लागतो, म्हणून Mp = ६०० × ०.५ / ४ = ७५ न्यूटन-मीटर. कागदी आकडा धरून पुढे गेलं असतं तर सगळं गणित सहाव्या हिश्श्याने कमी आलं असतं आणि दोष पद्धतीवर गेला असता. नमुना त्याच बारातला हवा, हे पुन्हा सांगतो.

आता मेकॅनिझम. दोन्ही गाळ्यांच्या मधोमध W भार आहे असं धरू. हिंज तयार होऊ शकतात अशा जागा तीन: दोन्ही भारांखाली आणि ब वर. बीम एका अंशाने अनिर्णित, म्हणजे समतोलाने सुटतात त्यापेक्षा एक प्रतिक्रिया जास्त, म्हणून स्वतंत्र मेकॅनिझम ३ − १ = २. लांब गाळा कोसळताना अ पाशी θ वळण झालं तर भाराखालचा बिंदू ०.४५θ खाली जातो. भाराखालच्या हिंजमध्ये दोन्हीकडचं वळण मिळून २θ आणि ब वरच्या हिंजमध्ये θ. अ हा साधा टेकू, तिथे हिंजचं काम शून्य.

```
AB:  W × 0.45θ = 75 × (2θ + θ)   →  W = 500 N  (51 kg)
BC:  W × 0.30θ = 75 × (2θ + θ)   →  W = 750 N  (76.5 kg)
```

ब च्या हिंजवर बरेच जण अडखळतात. आखूड गाळा ताठ उभा आहे, तो या मेकॅनिझममध्ये वळतच नाही. म्हणून ब वर फक्त लांब गाळ्याच्या बाजूचं θ मोजायचं. दोन्ही गाळे एकदम कोसळतात असं धरून तीनही हिंज घातले आणि दोन्हीकडे सारखं वळण दिलं, तर W × ०.७५θ = ७५ × ६θ, म्हणजे ६०० न्यूटन येतं. गणित चुकलेलं नाही, पण भार खरा नाही. मेकॅनिझम पद्धत नेहमी खऱ्याइतका किंवा त्याहून जास्त भार देते, म्हणून सगळ्यांत लहान आकडा धरायचा. तो खरंच सगळ्यांत लहान आहे का, हे समतोलाने तपासल्याशिवाय सोडू नये.

तपासणी अशी. W = ५०० न्यूटन, ब वर ७५ उलटा मोमेंट. अ ची प्रतिक्रिया २५० − ७५/०.९ = १६६.७ न्यूटन; गुणिले ०.४५ केलं की भाराखाली बरोबर ७५ येतात. क ची २५० − ७५/०.६ = १२५ न्यूटन, आणि आखूड गाळ्याच्या मध्ये १२५ × ०.३ = ३७.५. बीमभर मोमेंट कुठेही ७५ च्या वर नाही. म्हणजे ५०० हाच खरा कोसळण्याचा भार, त्याच्या वर-खाली काही उरलं नाही.

पहिल्या बीमवर भार फक्त लांब गाळ्यावर होता. मेकॅनिझमच्या हिशेबात आखूड गाळ्यावर भार असो-नसो, लांब गाळ्याचा आकडा ५०० न्यूटनच राहतो. पण बीम ३४ किलोच्या आसपासच बसत गेली. कारण क च्या टेकूवर होतं. आखूड गाळा रिकामा असताना ब वर ७५ चा उलटा मोमेंट टिकवायचा, तर क ला ७५/०.६ = १२५ न्यूटनने खाली धरून ठेवावं लागतं. क वर बार नुसता टेकवलेला होता आणि त्या गाळ्यात बाराचं स्वतःचं वजन जेमतेम अर्धा किलो. पहिल्या १० किलोतच क चं टोक टेकूवरून जवळजवळ दोन सेंटीमीटर उचललं गेलं. टोक उचललं की ब वर मोमेंट राहत नाही, लांब गाळा साधा होतो आणि एकाच हिंजने जातो:

```
W × 0.45θ = 75 × 2θ   →  W = 333 N  (34 kg)
```

ओळखायची खूण सोपी. कोसळल्यावर आखूड गाळा पूर्ण सरळ दिसतो आणि ब वर काहीच झालेलं नसतं. क ची प्रतिक्रिया कागदावर उणी आली की टेकूला वरूनही धर हवी, हे बांधकामातही विसरलं जातं.

दुसऱ्या बीमला क वर बाराच्या वरूनही एक गोल बार ठेवून दोन बाजूंनी यू-बोल्टने धरला, पण बार सरकेल इतकी फट ठेवून. या वेळी बारावर पातळ चुन्याचा हात दिला. बाराची काळी पपडी खरवडू नका. यील्ड झालं की पपडी चुन्यासकट सुटते आणि काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. ३० किलोच्या आसपास भाराखाली, बाराच्या खालच्या बाजूला, केसासारख्या आडव्या रेघा उठल्या. इलॅस्टिक हिशेबात तिथला मोमेंट ०.१७४४W आणि यील्ड सुरू होतं तो मोमेंट चौरस छेदाला Mp च्या दोन तृतीयांश, इथे ५०, म्हणजे २८७ न्यूटन, २९ किलो. रेघा वाढत अ च्या बाजूला जास्त लांब पसरल्या. हेही मोमेंटच्या आकृतीत दिसतं: अ कडे मोमेंट ७५ वरून शून्यावर सावकाश उतरतो, ब कडे त्याच अंतरात ७५ वरून उणे ७५ वर. म्हणून यील्ड झालेला भाग अ कडे सुमारे १५० मिमी आणि ब कडे ७५ मिमी. हिंज हा बिंदू नाही, हे मनात पक्कं बसायला हा चुना पुरतो.

ब वर, बाराच्या वरच्या बाजूला, चुना ४५ किलोच्या आसपास सुटला. तोवर भाराखालचा हिंज जवळजवळ पूर्ण झाला होता आणि वाढीव मोमेंट ब कडे जात होता. ५२ किलोवर पारडं वजन न वाढवता खाली सरकत राहिलं. या ५२ मध्ये पारडं आणि त्याचा हूक धरलेला, हिशेबाचा आकडा ५१. बाराच्या स्वतःच्या वजनासाठी लांब गाळ्याच्या वजनाचं अर्धं, ०.३५ किलो, वजा करायचं, कारण गाळा सरासरीने मधल्या बिंदूच्या निम्माच खाली जातो.

तिसऱ्या बीमवर दोन्ही गाळ्यांत सारखा भार. इथे इलॅस्टिक मोमेंट भाराखाली ०.१५२W आणि ब वर ०.१४६W, जवळजवळ सारखे. चुनाही दोन्हीकडे ३४-३५ किलोला जोडीनेच तडकला. कोसळण्याचा भार मात्र पुन्हा ५२ किलोच. आखूड गाळ्याच्या मध्ये चुना शेवटपर्यंत अखंड राहिला, तिथे ३७.५ च होते, यील्डच्या ५० पर्यंतही पोचले नव्हते. समतोलाची तपासणी बारावर दिसते ती अशी.

दोन बारीक गोष्टी. ब च्या गोल बाराऐवजी ५० मिमी रुंद लाकडी ठोकळा ठेवला तर बीम त्याच्या कडेवर टेकते, लांब गाळा ८७५ मिमीचा होतो आणि आकडा सुमारे ३ टक्के वर जातो. ब दोन-तीन मिमी खाली-वर बसला तर मात्र कोसळण्याच्या भारात फरक पडत नाही. हिंज कधी तयार होतो ते थोडं मागेपुढे होतं, एवढंच. पारड्याखाली विटांचा थर चार बोटं सोडून लावायला विसरू नका, ५० किलो एकदम खाली येतात.

पुढच्या फेरीत आखूड गाळ्यावर दुप्पट भार. आखूड गाळ्यावरचा भार लांब गाळ्यावरच्या दीडपटीच्या, म्हणजे ९००/६०० च्या, वर गेला की आखूड गाळा आधी जायला हवा. अपेक्षा: लांब गाळ्यावर ३८ आणि आखूड गाळ्यावर ७६.५ किलो. त्यानंतर लांब गाळ्यावर समान पसरलेला भार. त्यात गाळ्यातला हिंज मधोमध नसून अ पासून ०.४१४ अंतरावर, इथे ३७३ मिमीवर येतो आणि एकूण भार ११.६६ Mp/L लागतो. हिंज मधोमध धरला तर १२ येतात. फरक ३ टक्क्यांचाच, पण धोक्याच्या बाजूला. त्या फेरीत चुना नेमका कुठे आधी सुटतो ते पाहण्यासाठी बारावर दर १० मिमीला खूण करून ठेवली आहे.