मेसेज आहे, फोटो नाही

खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली आणि प्लंबरने आमच्या बाथरूमची भिंत ठोकून पाहिली. म्हणाला, "ताई, लाइन कुठून गेलीये ते माहीत असेल तर दोन टाइल्स फोडून काम होईल. नाहीतर अख्खी भिंत उघडावी लागेल." मला एकदम हायसं वाटलं, कारण 2021 मध्ये फ्लॅटचं काम चालू असताना प्लास्टर करायच्या आधी कॉन्ट्रॅक्टरने सगळ्या कन्सील्ड पाइपांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले होते. मी, माझे दीर आणि ते, असा आमचा तिघांचा ग्रुप होता.

ग्रुप उघडला. संभाषण जसंच्या तसं होतं. फोटोंच्या जागी मात्र धुरकट चौकोन आणि त्यावर खाली जाणारा बाण. दाबला की थोडं फिरतं आणि निरोप येतो, डाउनलोड होत नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. वायफाय बदलून पाहिलं, फोन बंद-चालू केला, लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं. सगळीकडे तेच.

त्या धुरकट चौकोनांखालचं संभाषण वाचताना तर फारच अस्वस्थ व्हायला झालं. "यात लाल खूण केलीये तिथे जॉइंट येईल." "हो, चालेल." "गरम पाण्याची डावीकडची का?" "नाही, वरच्या फोटोतली." आमचे सगळे निर्णय त्या चार ओळींत होते आणि त्यातली एकही ओळ फोटोशिवाय कळत नव्हती. मजकूर शाबूत, पण तो ज्याच्याकडे बोट दाखवतो तेच गायब.

असं का होतं हे मग मी नीट समजून घेतलं, कारण त्यावरूनच पुढे कुठे शोधायचं ते ठरतं. मजकूर आपल्या फोनमधल्या डेटाबेसमध्ये येऊन बसतो. फोटो तसा येत नाही. पाठवणाऱ्याचा फोन तो फोटो एका नव्या किल्लीने कुलूपबंद करतो आणि ती बंद पेटी सर्व्हरवर ठेवतो. आपल्याला जो मेसेज येतो त्यात पेटीचा पत्ता, तिची किल्ली आणि एक अगदी बारकी धूसर प्रतिमा असते. आपण बाण दाबतो तेव्हा आपला फोन पेटी आणून उघडतो. पेटी सर्व्हरवर कायमची राहत नाही. न पोचलेला मेसेज व्हॉट्सअ‍ॅप 30 दिवस ठेवून काढून टाकतं आणि फोटो-व्हिडिओही साधारण तेवढ्याच काळापुरते असतात. माझ्याकडे पत्ता होता, किल्ली होती, धूसर प्रतिमाही होती. पेटी केव्हाच गेली होती. व्हॉट्सअ‍ॅप वेबवरही फरक पडला नाही तो यामुळेच. फोनकडेच नसलेली फाइल लॅपटॉपला कुठून मिळणार?

ठेवत का नाहीत, हा प्रश्न मलाही पडला होता. किल्ली सर्व्हरकडे नसतेच, त्यामुळे त्या पेट्या त्यांच्या काही कामाच्या नाहीत. पोचवून झालं की उरतो तो फक्त साठवणुकीचा खर्च आणि सांभाळायची जोखीम. शिवाय काम संपल्यावर माहिती ठेवून घेऊ नये ही अपेक्षा आता कायद्यातही आहे, युरोपच्या जीडीपीआरमध्ये आणि आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही. मला हे पटतं. माझ्या घराच्या आतले फोटो कोणाच्या तरी सर्व्हरवर वर्षानुवर्षं पडून राहावेत असं मला अजिबात वाटत नाही. फक्त याचा अर्थ असा की निरोप पोचवणारी सेवा म्हणजे कपाट नव्हे. काही ठिकाणी तर मजकूरही जातो. ऑफिसच्या गप्पांसाठी वापरतात त्या स्लॅकच्या मोफत योजनेत 90 दिवसांपेक्षा जुनं संभाषण दिसत नाही, आणि 2024 पासून एक वर्षाहून जुने मेसेज आणि फाइली पुसल्याच जातात. दडवलेलं पैसे भरून परत दिसतं, पुसलेलं दिसत नाही.

म्हणजे आता फोटो असलाच तर कोणाच्या तरी फोनमध्येच असणार. माझ्या गूगल ड्राइव्हच्या बॅकअपवर आशा ठेवण्यात अर्थ नव्हता. डेटा वाचवायला माझ्या फोनवर आपोआप डाउनलोड बंद होतं, त्यामुळे हे फोटो फोनवर उतरलेच नव्हते आणि फोनमध्ये नसलेली फाइल बॅकअपमध्ये जात नाही. राहिले दोघं.

कॉन्ट्रॅक्टरना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, तो ग्रुप मी कधीच साफ केला, माझ्याकडे काही नाही." पण चॅट साफ करताना त्यातल्या फाइलीही काढायच्या का, हे वेगळं विचारलं जातं. ती खूण काढलेली असेल तर मेसेज जातात, फाइली राहतात. फोन त्यांनी बदललेला नव्हता. मी त्यांना गॅलरी सोडून फाइल मॅनेजरमध्ये जायला सांगितलं, कारण पाठवलेले फोटो ज्या फोल्डरमध्ये असतात तो गॅलरीत दिसत नाही. अँड्रॉइडच्या हल्लीच्या फोनवर रस्ता असा आहे:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images/Sent
```

फाइलींची नावं `IMG-20210311-WA0009.jpg` अशी असतात. मधले आकडे म्हणजे तारीख, शेवटचे म्हणजे त्या फोनवरचा त्या दिवसाचा अनुक्रमांक. हा अनुक्रमांक प्रत्येक फोनवर वेगळा, म्हणून तो धरून शोधण्यात वेळ घालवू नये. तारीख धरावी, आणि ती आपल्या चॅटमध्ये मेसेजच्या वर दिसतेच. मी त्यांना मार्चमधल्या तारखा वाचून दाखवल्या आणि थोड्या वेळात ते म्हणाले, "आहेत की हो!" बाथरूमचे फोटो सापडले. फुटपट्टीचा टेप लावून घेतलेला व्हिडिओ मात्र त्यांच्याकडे नव्हता. तो दिरांच्या फोनमध्ये मिळाला. त्यांच्याकडे व्हिडिओंचं आपोआप डाउनलोड चालू होतं.

आता पुन्हा पाठवण्याची गोष्ट. नुसते पाठवले असते तर आजच्या तारखेखाली ढीग पडला असता आणि कोणता फोटो कोणत्या बोलण्याचा हे कळलं नसतं. दिरांना मी म्हटलं, "भावजी, फोटो नुसते टाकू नका, त्या जुन्या मेसेजलाच उत्तर म्हणून जोडा." त्यांच्या ग्रुपमध्ये जुने मेसेज होतेच. कॉन्ट्रॅक्टरनी फाइली त्यांना डॉक्युमेंट म्हणून पाठवल्या, म्हणजे आणखी दाबल्या जाऊन लाल खुणा पुसट होणार नाहीत. मग दिरांनी एकेक जुना चौकोन सरकवून त्याला उत्तर म्हणून योग्य फोटो जोडला. आता नव्या फोटोवरच्या पट्टीला बोट लावलं की मी थेट 2021 च्या त्या ओळीवर जाते. "वरच्या फोटोतली" म्हणजे कोणती, हे पहिल्यांदाच स्पष्ट झालं.

प्लंबरने व्हिडिओतलं माप पाहिलं, शॉवरच्या डायव्हर्टर नळापासून मोजत खाली आला आणि पाइप वळतो त्या एल्बोच्या जागी दोनच टाइल्स काढल्या. जॉइंट तिथेच पाझरत होता.

त्याच संध्याकाळी मी सगळ्या फाइली व्हॉट्सअ‍ॅपबाहेर एका फोल्डरमध्ये काढल्या, नावात खोली आणि भिंत लिहिली, आणि संबंधित संभाषण "चॅट एक्स्पोर्ट" करून तिथेच ठेवलं. एक्स्पोर्ट करताना मीडियासकट हा पर्याय निवडावा लागतो, आणि त्यातही फोनवर असलेल्याच फाइली येतात. बॅकअपच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ समाविष्ट करायचं बटण वेगळं असतं. माझं बंद होतं, ते चालू केलं.