टाचणातला व्हिडिओ खोडला तेव्हा

नववीला 'धाराविद्युत' शिकवायचं होतं. टाचणात मी झोकात लिहिलं: व्हिडिओ, मग ऑनलाइन चाचणी. तासिका ३५ मिनिटांची, मुलं ४६, टॅब ४. व्हिडिओचं चाक फिरत राहिलं आणि मुलं माझ्याकडे बघत राहिली.

घरी टाचण पुन्हा काढलं. या पाठात पडद्यावाचून अडतं ते नेमकं कुठे? एकाच जागी. मुलांना वाटतं, एकसर जोडणीत पहिला बल्ब थोडा प्रवाह 'खातो' आणि दुसऱ्याला उरलेला मिळतो. ते खोडायला अँमीटर परिपथात ठिकठिकाणी लावून बघावा लागतो, आणि आमच्याकडे अँमीटर एकच, तोही रुसलेला. बाकी सगळं फळ्यावर भागत होतं.

मग घरच्या वायफायवर PhET या संकेतस्थळावरून 'Circuit Construction Kit: DC' हे पडद्यावर परिपथ जोडून बघायचं सिम्युलेशन उतरवलं. ती एकच `.html` फाइल असते, एकदा घेतली की नेट लागत नाही. पेनड्राइव्हने चारही टॅबवर टाकली. दोन टॅबवर पान कोरं! फाइल भलत्याच व्ह्यूअरमध्ये उघडत होती. 'Open with' मधून क्रोम निवडल्यावर चालली. हे आदल्या दिवशी कळलं म्हणून बरं. चार्जिंगही तेव्हाच उरकलं, कारण दुसऱ्या दिवशी गुरुवार, आणि आमच्याकडे गुरुवारी विजेचा भरवसा नसतो.

पहिली पाच मिनिटं टॅब कपाटातच. दोन बल्ब, एक सेल. प्रवाह कुठे जास्त, ते वहीत लिहा. त्यानंतर निम्मा वर्ग सहा-सहाच्या गटात टॅबवर, निम्मा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या टॉर्चच्या बल्बांवर. १२ मिनिटांनी अदलाबदल. बोट लावणारा एक, आकडा वाचणारा एक, बाकीचे लिहिणारे; अँमीटरची जागा बदलली की बोटही बदलायचं.

टॅबवर ९ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहमचा एक बल्ब: ०.९० अँपिअर. दोन बल्ब एकसर: ०.४५. पहिल्याआधी, दोघांच्या मध्ये, शेवटी, कुठेही ०.४५.

खऱ्या तारांपाशी मात्र घोळ झाला. पहिला बल्ब लख्ख, दुसरा मिणमिणता. "सर, बघा, खाल्ला की नाही!" मी क्षणभर गप्प. मग म्हटलं, बल्बांच्या जागा बदला. लख्ख बल्ब दुसऱ्या जागी गेला आणि तिथेही लख्खच राहिला. दोष जागेचा नव्हता, स्वस्तातल्या दोन बल्बांचा रोध वेगळा होता. टॅबवरचे बल्ब तंतोतंत सारखे, त्यामुळे नुसत्या टॅबवर हा प्रश्न निघालाच नसता. आणि नुसत्या बल्बांवर चुकीची समजूत पक्की होऊन मुलं घरी गेली असती.

ऑनलाइन चाचणीऐवजी डोळे मिटून बोटं: प्रवाह पहिल्या बल्बाआधी जास्त असेल तर एक, सगळीकडे सारखा असेल तर दोन. नऊ जणांनी अजून एकच बोट वर केलं. सोमवारी टॅब आधी त्यांच्या हातात.