छाटणीचा अंक : माझा अनुभव

आमच्या मंडळीची मासिक पत्रिका चार पानांची असून पहिल्या पानावरील पाळकाचे मनोगत गेली सहा वर्षे मी लिहीत आहे. त्यात तीन गोष्टी असाव्यात असा जुना शिरस्ता आहे : चालू हंगामाविषयी दोन शब्द, सभासदांची वार्ता आणि शास्त्रातील एक विचार. एरवी हे काम एका संध्याकाळचे असते, परंतु गेल्या ऑक्टोबरच्या अंकाने माझे अकरा दिवस घेतले आणि त्यातील नऊ दिवस एकाच जागी अडकून गेले. त्याचा सल मनातून अजून पूर्णपणे गेलेला नाही, हे मी आधीच कबूल करतो.

हंगामाचा भाग सहज लिहून झाला. ऑक्टोबरात नाशिककराला हंगाम शोधावा लागत नाही, कारण ओझर, पिंपळगाव, दिंडोरी या बाजूने येणारा प्रत्येक सभासद द्राक्षाच्या गोडी छाटणीविषयीच बोलत असतो. अशा महिन्यात योहानाच्या पंधराव्या अध्यायातील द्राक्षवेलाचा दाखला सुचणे स्वाभाविक होते. फळ देणाऱ्या फाट्याला अधिक फळ यावे म्हणून माळी तो साफसूफ करतो, या दुसऱ्या वचनावर मी लिहिले की, आपल्यावर येणारी दुखणी आणि हानी ही देवाच्या हातची छाटणी आहे. वाक्य मला आवडले होते. पूर्वी उपदेशातही मी ते वापरले होते आणि कोणी हरकत घेतली नव्हती.

पत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी पास्टरेट कमिटीच्या एक ज्येष्ठ सभासद, निवृत्त मुख्याध्यापिका, तिचे प्रूफ वाचतात. त्यांची पद्धत अशी की, चूक दिसली तर समासात पेन्सिलीने एक उभी रेघ मारायची आणि कागद परत पाठवायचा. कारण लिहायचे नाही. या वेळी सभासदांच्या वार्तेला एक रेघ होती आणि शास्त्रविचाराला दुसरी. मी शुद्धलेखन दोनदा तपासले, अनुस्वार पाहिले, काहीच सापडले नाही. फोन केला, तर त्या म्हणाल्या, “सलाम साहेब. दोन्ही परिच्छेद एकापाठोपाठ मोठ्याने वाचा.” एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. सरळ सांगितले असते तर माझा एक दिवस वाचला असता, असे मला आजही वाटते.

मोठ्याने वाचल्यावर मात्र घाम फुटला. वार्तेच्या शेवटच्या ओळीत मी लिहिले होते की, आपल्या एका मावशींच्या डाव्या पायाची दोन बोटे मधुमेहामुळे चिघळलेल्या जखमेपायी शस्त्रक्रिया करून काढावी लागली. त्याच्या लगेच खाली शास्त्रविचार सुरू होत होता : देव ज्यांच्यावर प्रीती करतो त्यांना छाटतो. मी दोन्ही मजकूर वेगवेगळ्या दिवशी लिहिले होते. वाचणारा मात्र ते एका दमात वाचणार होता आणि मावशींची बोटे देवाने छाटली असा त्याचा अर्थ घेणार होता.

पहिला उपाय म्हणून मी वार्तेतून मावशींना वगळण्याचे ठरवले, आणि खरा अडथळा तिथे सुरू झाला. त्यांच्या मुलाने मला आधीच सांगितले होते की, आजाराविषयी काही छापू नये. मी त्याच्याशी बोललो होतो, मावशींशी बोललोच नव्हतो. (ज्यांना हे सदर लिहायचे आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, आजाराच्या बातमीची परवानगी आजाऱ्याकडूनच घ्यावी आणि बातमीतला नेमका शब्द त्यांना वाचून दाखवावा.) मावशींना भेटायला गेलो तर त्यांचा आग्रह उलट होता. “साहेब, नाव नाही छापलं तर लोक प्रार्थना कोणासाठी करतील?” असे त्या म्हणाल्या. मुलगा पुण्याहून शनिवारी येणार होता आणि दोघांचे एकमत होईपर्यंत मजकूर हलवणे योग्य नव्हते. तोपर्यंत छापखान्यातील आमची पाळी गेली. यंत्र रिकामे होण्यासाठी थांबा, एवढेच उत्तर रोज मिळत होते, आणि ऑक्टोबरचा पहिला रविवार पत्रिकेविना गेला.

त्या रिकाम्या दिवसांत मी आमच्या एका बागायतदार सभासदाच्या बागेत गेलो. मजूर काडीवर कात्री चालवत होते आणि एका ताज्या काटावर पाण्याचा थेंब येऊन लोंबत होता. मी त्या बागायतदारांना माझे वाक्य वाचून दाखवले. ते हसले नाहीत, पण त्यांनी एक काडी हातात धरून मला समजावले. एप्रिलमधल्या खरड छाटणीत काडी एक-दोन डोळ्यांवर आखूड करतात; ती पुढल्या वर्षाच्या काड्या तयार होण्यासाठी असते. ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीत मात्र काडी आधी तपासून घेतात, घड असलेला डोळा कितवा आहे ते पाहतात आणि त्याच्या पुढे काट मारतात. मग टोकाच्या डोळ्यांना पेस्ट लावतात, म्हणजे ते एकसारखे फुटतात. ते म्हणाले, “साहेब, घड आहे हे बघून मगच आम्ही कापतो. दुखण्यात तसं बघणारा कोण असतो?”

त्या रात्री मी ग्रीक पाठ उघडला, जो खरे तर पहिल्याच दिवशी उघडायला हवा होता. दुसऱ्या वचनात आपण ज्याला साफसूफ करणे म्हणतो ते क्रियापद काथाइरो आहे, आणि लगेच पुढल्या वचनात शिष्यांना ‘तुम्ही शुद्ध झालाच आहात’ असे म्हटले आहे, तिथे काथारोस हे त्याच मुळाचे विशेषण आहे. मराठीत एकदा साफसूफ आणि एकदा शुद्ध असे दोन शब्द आल्यामुळे हा धागा आपल्याला दिसत नाही. तिसऱ्या वचनात शुद्ध होण्याचे कारणही दिले आहे : येशूने सांगितलेले वचन. दुखणे नव्हे, हानी नव्हे. त्या दोन वचनांत आजाराचा उल्लेखच नाही; तो मी वर्षानुवर्षे माझ्याच पदरचा घालत होतो. दुःखाविषयी शास्त्रात पुष्कळ आहे, पण ते या दाखल्याच्या गळ्यात बांधता येत नाही.

शास्त्रविचार मी पुन्हा लिहिला आणि तो निम्मा झाला. वार्तेचा क्रमही बदलला : बाप्तिस्मा आणि विवाह शेवटी, आजारपण सुरुवातीला. शास्त्राच्या लगत कोणती वार्ता येते हे हल्ली मी आधी पाहतो. मुलगा आला, मायलेकरांचे बोलणे झाले आणि मावशींनी स्वतः शब्द ठरवला : ‘पायावर शस्त्रक्रिया झाली, प्रकृती सुधारत आहे.’ बोटांचा उल्लेख त्यांनीच काढला आणि नाव मात्र पूर्ण ठेवले.

दुसरे प्रूफ मुख्याध्यापिकाबाईंकडून परत आले, तेव्हा शास्त्रविचाराचा समास कोरा होता. रेघ एकच होती, हंगामाच्या परिच्छेदासमोर. या वेळी मी फोन न करता तो परिच्छेद मोठ्याने वाचला : गोडी छाटणीत काडीवर दोनच डोळे ठेवतात, असे मी लिहून ठेवले होते. ते एप्रिलचे.