तुम्ही विचारलंत म्हणून: नमस्कार, देशपांडे बोलतेय

“काकू, तुमची व्हॉइस नोट सुरू झाली की लगेच कळतं कोण बोलतंय आणि कशाबद्दल. आमची लोक अर्धी ऐकून सोडून देतात. तुम्ही सुरुवातीला नेमकं काय म्हणता?”

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात निरोप धाडायचं काम माझ्याकडे आहे. बऱ्याच जणांना बारीक अक्षरं वाचवत नाहीत, म्हणून मी लिहिण्यापेक्षा बोलून पाठवते. त्यामुळे हा प्रश्न सूनबाईंच्या वयाच्या मुलींपासून संघातल्या आजोबांपर्यंत सगळेच विचारतात.

आधी नावाचं बघू. सगळ्यांना वाटतं, स्क्रीनवर नाव दिसतंय की, परत कशाला सांगायचं? पण स्क्रीनवर दिसतो तो फोन कुणाचा ते, बोलणारा कोण ते नाही. आमच्यातले निम्मे लोक मुलाच्या नाहीतर नातवाच्या फोनवरून निरोप पाठवतात. शिवाय नोट पुढे ढकलली की ज्याने ढकलली त्याचं नाव वर येतं आणि मूळ बोलणाऱ्याचं जातं. मग संघाचा निरोप कुणाच्या तरी जावयाच्या नावाने चार घरांत फिरतो. नाव आवाजातच असेल तर ते नोटेबरोबर जाईल तिथे जातं.

आणि नुसतं आडनाव पुण्यात पुरत नाही. “मी जोशी बोलतोय” म्हटल्यावर ऐकणारा आधी कुठले जोशी हे शोधत बसतो, आणि तोवर तुमची दोन वाक्यं निघून गेलेली असतात. आमच्याच यादीत एक जोशी बँकेतले, एक बागेच्या शेजारचे आणि एक पेटी वाजवणारे. त्यामुळे आडनावाला शेपूट लावायचं: ऐकणारा तुम्हाला ज्या कारणाने ओळखतो ते. मी म्हणते, “देशपांडे बोलतेय, संघाची सचिव.” तीच मी सोसायटीच्या ग्रुपवर “देशपांडे, दुसरा मजला” असते. तिथे माझ्या सचिवपणाचं कुणाला काय! “ओळखलंत का?” हा खेळ मात्र प्रत्यक्ष भेटीसाठी राखून ठेवावा.

नावाच्या आधी मी “नमस्कार” म्हणते. तो शिष्टाचार आहेच, पण त्याचं खरं काम निराळं आहे. नोटेचा पहिला शब्द पुष्कळदा ऐकूच जात नाही. कधी बोलणाऱ्याने बटण दाबता दाबताच तोंड उघडलेलं असतं. कधी ऐकणारा फोन अजून कानाकडे नेत असतो. ब्लूटूथचे इअरफोन असतील तर ते जागे होईपर्यंत पहिला अर्धा शब्द गिळतात. तो गिळला जाणारा शब्द आपलं नाव नसावा. म्हणून बटण दाबल्यावर क्षणभर थांबायचं, मग “नमस्कार”, आणि मग नाव, जरा सावकाश. हल्ली पुष्कळ जण नोट 1.5x वर ऐकतात. बाकीचं बोलणं त्या वेगात कळतं, पण घाईने घेतलेलं आडनाव सुटतं.

आता “काय ऐकायला मिळणार” हा भाग. मागे आमची डोळे तपासणी पुढे ढकलली गेली, तेव्हा एका सभासदांनी उत्साहाने आधीच नोट टाकली होती. ती साधारण अशी होती: “हॅलो... हां, येतोय ना आवाज? तर काय झालं, मी सकाळी पर्वतीवरून उतरत होतो, तर खाली डॉक्टरांचा कंपाउंडर भेटला. तो म्हणाला, काका, तुम्हाला फोन करणारच होतो...” पुढे कंपाउंडरच्या गावचा पाऊसही येऊन गेला. तारीख बदलल्याची बातमी पार शेवटी. माणूस रंगून गोष्ट सांगत होता, त्याला काय बोलणार! पण तपासणीला नाव दिलेल्यांपैकी काही जण तिथवर पोचलेच नाहीत आणि संध्याकाळी माझा फोन वाजत राहिला.

मग मी पाठवली ती अशी: “नमस्कार. देशपांडे बोलतेय, संघाची सचिव. डोळे तपासणीला ज्यांनी नाव दिलंय त्यांच्यासाठी हा निरोप आहे. शनिवारची तपासणी आता सोमवारी, १४ तारखेला आहे. वेळ आणि बरोबर काय आणायचं ते पुढे सांगते, एक मिनिट लागेल. कागद-पेन जवळ घ्या.” इतकं बोलायला १५ सेकंदांच्या आसपास लागतात. मग दोन सेकंद गप्प. ती दोन सेकंदं कागद शोधायला पुरत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण नोट थांबवायला पुरतात.

यात “ज्यांनी नाव दिलंय त्यांच्यासाठी” हे मुद्दाम इतकं वर आहे. ज्यांचा संबंध नाही ते तिथेच सुटतात आणि पुढच्या वेळी माझी नोट उघडायला कंटाळत नाहीत. बातमीचा गाभाही सुरुवातीलाच सांगून टाकते. तो शेवटपर्यंत राखून ठेवला की लोक ताटकळत नाहीत, सोडून देतात. आणि “परवा” म्हणत नाही, वार आणि तारीख म्हणते, कारण नोट कुणी रात्री ऐकतं, कुणी दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा परवाचा उद्या झालेला असतो. एक मिनिट म्हटलं तर एक मिनिटातच आटपायचं. एकदा का “एक मिनिट” तीन मिनिटांचं झालं की तुमच्या मिनिटाला बाजारात किंमत राहत नाही.

सुरुवात जमली की नाही हे उत्तरांवरून कळतं. “ऐकलं” आणि त्याच्या मागोमाग “पण कधी आहे?” असं आलं तर तारीख फार खोल गेली. “आपण कोण?” आलं तर नाव गिळलं गेलं. पाठवण्याआधीही तपासता येतं. बटण धरून न ठेवता वर सरकवून कुलूप लावलं की हात मोकळा होतो, आणि बोलून झाल्यावर नोट पाठवण्याआधी स्वतःला ऐकता येते. मी पहिला तुकडा आमच्या ह्यांना ऐकवते, थांबवते आणि विचारते: कोण, कुणासाठी, काय? ह्यांचं लक्ष निम्मं पेपरात असतं, तेच बरं. ऐकणाऱ्यांचंही तसंच असतं.

घरच्या माणसांना हे सगळं लागत नाही. मुलीला नोट पाठवताना “देशपांडे बोलतेय” म्हटलं तर ती आधी डॉक्टरला फोन करेल. पण तिथे दुसरी एक गोष्ट लागते. ती परगावी असते. रात्री साडेदहाला आईची नोट दिसली की पोटात गोळा येतो, मग आत लोणच्याची कृती का असेना. म्हणून माझं पहिलं वाक्य असतं, “सगळं ठीक आहे, सवडीने ऐक.” मजकूर कुणाच्या रिपोर्टचा, पैशांचा किंवा भांडणाचा असेल तर सुरुवातीलाच “हे एकटी असताना ऐक” म्हणते आणि तिथे जरा थांबते, कारण नोट बसमध्ये नाहीतर गाडीच्या स्पीकरवरही वाजू शकते. आणि खरोखरच काही वाईट घडलं असेल तर कुठलीच सुरुवात चालत नाही. तेव्हा मी नोट करत नाही, सरळ फोन लावते.